बटण तेच, खातं दुसरंच

समजा, नाशिकच्या एका शिक्षिकेने दोन वर्षं एका अ‍ॅपवर जर्मन शिकत ऐंशी धडे पूर्ण केले आहेत. खातं उघडताना तिने आपला जीमेलचा पत्ता आणि पासवर्ड दिला होता. आता तिने आयफोन घेतला, अ‍ॅप उतरवून घेतलं, पासवर्ड आठवेना म्हणून समोरचं 'Sign in with Apple' हे बटण दाबलं. चेहरा दाखवला, आत शिरली आणि पाहते तर धडा पहिला! ऐंशी धडे गायब.

धडे कुठेही गेलेले नसतात. तिच्यासाठी नवं, रिकामं खातं उघडलेलं असतं.

असं का होतं? अ‍ॅपलचं बटण दाबल्यावर अ‍ॅपला दोन गोष्टी मिळतात: त्या व्यक्तीचा एक कायमचा ओळख क्रमांक आणि एक ईमेल. हा क्रमांक अ‍ॅपने आधी कधी पाहिलेला नसतो. उरतो ईमेल. पण 2019 साली आलेल्या या सोयीत ईमेल लपवण्याचा पर्याय आहे. तो निवडला की अ‍ॅपला खरा पत्ता दिसतच नाही. `@privaterelay.appleid.com` असा शेवट असलेला एक पर्यायी पत्ता मिळतो आणि त्यावर आलेली पत्रं अ‍ॅपल खऱ्या पत्त्यावर धाडतं. अ‍ॅपच्या वहीत असा पत्ता नाही, म्हणजे माणूस नवा. मग अ‍ॅप काही न विचारता खातं उघडून मोकळं होतं. खरी चूक इथे आहे. 'तुमचं आधीचं खातं आहे का?' एवढा प्रश्न तिथे विचारला, तर हा घोळ बऱ्याच अंशी टळेल.

ईमेल जुळला तरी खाती आपोआप जोडणं धोक्याचं ठरू शकतं. कुणीतरी दुसऱ्याच्याच पत्त्यावर, तो पत्ता न पडताळता, आधीच खातं उघडून ठेवलेलं असू शकतं. म्हणून जोडण्याआधी जुना पासवर्ड विचारणं हाच नीट मार्ग.

असं रिकामं खातं समोर आलं, तर आधी अ‍ॅपच्या प्रोफाइलमधला ईमेल पाहावा. शेवट वरच्यासारखा असेल, तर कोडं सुटलं. मग आपल्या मेलमध्ये त्या अ‍ॅपचं नाव शोधावं. जुनं स्वागतपत्र किंवा पावती ज्या पत्त्यावर आली, तोच जुन्या खात्याचा पत्ता. बाहेर पडून 'पासवर्ड विसरलात?' यावरून त्या खात्यात शिरावं आणि अ‍ॅपमध्ये सोय असल्यास सेटिंग्जमधून अ‍ॅपलचं लॉगिन तिथे जोडावं.

इथे एक अडचण येते. अ‍ॅपलची ती ओळख रिकाम्या खात्याला चिकटलेली असल्याने 'आधीच वापरात आहे' असं उत्तर मिळू शकतं. तेव्हा आधी रिकामं खातं काढून टाकावं लागतं, किंवा अ‍ॅपच्या मदत विभागाला दोन्ही पत्ते कळवावे लागतात. खातं काढण्याआधी आपण नेमके कोणत्या खात्यात आहोत, हे प्रोफाइलमध्ये पुन्हा एकदा पाहा, आणि तोवर रिकाम्या खात्यात सदस्यत्वाचे पैसे भरू नका.