पुस्तकाचा अनुवाद : तीन महिन्यांचं काम सात महिन्यांचं का होतं?

इंग्रजी कादंबरी ९०,००० शब्दांची. रोज हजार शब्द केले की तीन महिन्यांत काम हातावेगळं, असा हिशेब करून नवे अनुवादक प्रकाशकाला तारीख देऊन मोकळे होतात. ही तारीख चुकते ती तीन गैरसमजांमुळे.

गैरसमज : आधी वाचायची गरज नाही, वाचता वाचता अनुवाद होतो.

वस्तुस्थिती : ग्रेगरी रबासा यांनी हुलिओ कोर्तासारची ‘हॉपस्कॉच’ पहिल्यांदा वाचतानाच स्पॅनिशमधून इंग्रजीत आणली आणि त्या अनुवादाला १९६७ मध्ये नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. इंग्रजीतून मराठीत येताना मात्र अशी मोकळीक नसते. ‘मी’ म्हणून बोलणारा निवेदक बाई की पुरुष, हे मराठी क्रियापद लगेच सांगून टाकतं. इंग्रजी लेखक ते पन्नास पानं झाकून ठेवू शकतो; जेनेट विंटरसन यांनी ‘रिटन ऑन द बॉडी’मध्ये (१९९२) शेवटपर्यंत झाकलं आहे. पहिल्या प्रकरणातला ‘अंकल’ काका की मामा, हेही कधी कधी फार उशिरा कळतं. म्हणून पहिले दोन आठवडे फक्त वाचनाचे. त्यात नात्यांचा तक्ता, कोण कोणाला अरे-तुरे करतं याची नोंद आणि पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांची यादी तयार करावी.

गैरसमज : रोज किती मराठी शब्द लिहिले, तो आपला कोटा.

वस्तुस्थिती : मोजायचे ते मूळ पुस्तकातले शब्द. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्या बहुधा कमी भरते आणि किती काम उरलं ते कळत नाही. संवादाचं, वर्णनाचं आणि सर्वांत अवघड असं एकेक पान करून पाहावं, वेळ मोजावा, मगच कोटा ठरवावा. तो हजार शब्दांचा निघाला आणि आठवड्याचे पाच दिवस काम केलं, तर १८ आठवडे लागतात. सहावा दिवस अनुशेषासाठी राखावा. अनुशेष आठवडाभराच्या कामाहून वाढला, तर तारीख बदलावी; कोटा दुप्पट करू नये. घाईत केलेली पानं लगेच ओळखू येतात : ‘करण्यात आलं’ आणि ‘जो-तो’ची वाक्यं वाढलेली असतात.

गैरसमज : शेवटी एकदा नजर फिरवली की झालं.

वस्तुस्थिती : दोन आठवडे हस्तलिखित बाजूला ठेवून मग दोन वेगळ्या फेऱ्या कराव्या लागतात. पहिलीत मूळ पुस्तक शेजारी ठेवून गळलेली वाक्यं, आकडे, नावं तपासायची. जवळजवळचे दोन परिच्छेद सारखेच सुरू होतात, तिथे मधला मजकूर हमखास सुटतो. रोज ४,००० शब्द धरले तरी पाच आठवडे जातात. दुसरीत मूळ पुस्तक मिटून फक्त मराठी मोठ्याने वाचायचं. त्याला तीन आठवडे. हा क्रम उलटा केला, तर सफाईदार केलेली वाक्यं पुन्हा मोडावी लागतात.

बेरीज ३० आठवडे, म्हणजे सात महिने, प्रुफं वेगळी. तेव्हा नमुन्याची पानं करून पाहिल्याशिवाय प्रकाशकाला तारीख देऊ नका.