सिंकखालचा पहारेकरी

सिंकखालची गळती बरेचदा कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात, अँगल कॉकच्या नटापाशी सुरू होते. म्हणून गळती ओळखणाऱ्या सेन्सरची दोन धातूची टोकेही तिथेच, तळाला टेकून हवीत. पाण्याने ती जोडली गेली की क्षीण वीजप्रवाह वाहतो आणि मोटर पुरवठ्याच्या पाइपवरील बॉल व्हॉल्व्हला पाव फेरा देऊन पाणी तोडते. चार शिंतोड्यांनीही पाणी बंद पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण टोके सलग दहा सेकंद ओली राहिली तरच व्हॉल्व्ह फिरावा, अशी सोय केली की हा आक्षेप बराचसा मिटतो. मला जास्त भीती उलटी वाटते: क्षाराच्या पाण्यात महिनोन्महिने न हललेला व्हॉल्व्ह ऐनवेळी अडकू शकतो. तेव्हा महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने टोके भिजवावीत आणि नळाची धार पूर्ण थांबते का, ते पाहावे. सांडपाण्याचा पाइप गळत असेल, तर मात्र सिंकमध्ये साचलेले पाणी गळतच राहील. व्हॉल्व्ह फक्त नवे पाणी अडवतो.