वहीतले दिवस आणि महिन्याचं इंजेक्शन

समजा, एका शिक्षिकेचं महिन्यातले वीस दिवस डोकं दुखतं. त्यातले बारा दिवस खऱ्या मायग्रेनचे: अर्धं डोकं ठणकतं, मळमळतं, उजेड सहन होत नाही. तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्याला १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी आणि त्यात निदान ८ दिवस मायग्रेन असेल, तर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. बाईंचं दुखणं त्यात बसतं.

मायग्रेनच्या झटक्यात चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या संवेदना वाहणाऱ्या नसांमधून सीजीआरपी नावाचं प्रथिन सुटतं. गोड्सबी आणि एडविन्सन यांनी १९९० मध्ये झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेतलं रक्त तपासलं, तेव्हा हे प्रथिन वाढलेलं दिसलं. नवी इंजेक्शनं नेमकी त्याच्यावर रोखलेली आहेत. फ्रेमानेझुमॅब आणि गॅल्कानेझुमॅब या प्रथिनालाच धरून ठेवतात. एरेनुमॅब ते जिथे जाऊन बसतं ती जागाच अडवतं. ही प्रतिपिंडं शरीरात कित्येक आठवडे टिकतात, म्हणून महिन्यातून एकदा मांडीत किंवा पोटावर कातडीखाली टोचलं तरी पुरतं. चालू झटका थांबवण्यासाठी मात्र ती नाहीत.

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत हे औषध मिळण्याआधी निदान तीन प्रतिबंधक औषधं निरुपयोगी ठरलेली असावी लागतात. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट ही त्यातली नेहमीची. १२ आठवड्यांनी मायग्रेन ३० टक्क्यांनी कमी झाला नाही, तर औषध बंद करतात. आपल्या बाईंचे बारा दिवस निदान आठवर यायला हवेत. हा हिशेब मला पटतो, कारण तो वहीत मोजता येतो. ती वही पहिल्या इंजेक्शनाच्या आधीपासून ठेवायला हवी आणि घेतलेली प्रत्येक वेदनाशामक गोळी त्यात लिहायला हवी. साधी वेदनाशामकं महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी वाढू शकते.

अपेक्षा बेतानेच ठेवाव्यात. एरेनुमॅबच्या क्रॉनिक मायग्रेनवरच्या चाचणीत सुमारे ४० टक्के रुग्णांचे मायग्रेनचे दिवस निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाले. पण औषध नसलेलं इंजेक्शन घेणाऱ्यांतही २३ टक्क्यांना तेवढाच फरक पडला होता. एरेनुमॅबने बद्धकोष्ठता होते, कधी ती तीव्र असते. रक्तदाबही वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो. गरोदरपणात ही औषधं टाळतात आणि ती शरीरातून जायला महिने लागतात, त्यामुळे मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं.

खर्चाचं गणित कठीण आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये एरेनुमॅबची छापील किंमत वर्षाला ६,९०० डॉलर होती. आपल्याकडे विम्याचे पैसे बहुधा रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळतात आणि हे इंजेक्शन घरी घ्यायचं असतं. त्यामुळे सुरुवात करण्याआधी एका महिन्याचा नव्हे, निदान तीन महिन्यांचा खर्च झेपेल का, ते पाहावं. पहिल्या इंजेक्शनानंतर पैशांअभावी थांबलं, तर औषध लागू पडत होतं की नाही हे कळतच नाही. लागू पडलं तरी मायग्रेन मुळातून जात नाही. इंजेक्शनं थांबवल्यावर काही महिन्यांत अनेकांचे दिवस पुन्हा वाढतात.