पावसाळी उजेडातला चेहरा कंदिलाच्या प्रकाशात

अंगणात, ढगाळ दुपारी काढलेला एका बाईचा फोटो आहे. तो रात्रीच्या माजघराच्या चित्रात बसवायचा आहे आणि त्या माजघरात उजेड फक्त डाव्या बाजूला खाली ठेवलेल्या कंदिलाचा आहे. चेहरा कापून पार्श्वभूमीवर चिकटवला, रंग थोडा पिवळा केला, तरी चित्र फसते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटे आहे हे लगेच जाणवते. कारण साधे आहे. ढगाळ आकाशाचा उजेड वरून येतो, त्यामुळे कपाळ उजळ आणि हनुवटीखालचा भाग काळपट दिसतो. कंदिलाने नेमके उलटे व्हायला हवे. रंग बदलून उजेडाची दिशा बदलत नाही. ती बदलायची तर चेहऱ्याचा कोणता भाग कोणीकडे वळलेला आहे हे कळावे लागते, आणि ही माहिती नॉर्मल मॅपमध्ये असते.

आठवीच्या विज्ञानात आरशाला लंब काढलेल्या रेषेला स्तंभिका म्हणतात. इंग्रजीत तिलाच नॉर्मल हे नाव आहे. आरसा सपाट असतो म्हणून त्याच्या सगळ्या स्तंभिका एकाच दिशेला जातात. चेहरा गोलसर आहे, म्हणून गालाची स्तंभिका एकीकडे, नाकाच्या शेंड्याची दुसरीकडे. नॉर्मल मॅप म्हणजे फोटोएवढेच दुसरे चित्र. त्याच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये त्या जागेच्या स्तंभिकेची दिशा रंगाच्या रूपात साठवलेली असते. लाल रंग डावे-उजवे सांगतो, हिरवा खाली-वर आणि निळा कॅमेऱ्याकडचा कल. रंगाचा अंक 0 ते 255 असतो, दिशेचा −1 ते +1. मधला 128 हा जवळजवळ शून्य. म्हणून कॅमेऱ्याकडे सरळ तोंड केलेला भाग (128, 128, 255) असा जांभळट निळा दिसतो. चित्राच्या उजवीकडे वळलेला भाग गुलाबी होतो, डावीकडचा मोरपंखी आणि वर वळलेला हिरवट.

हा नकाशा मिळवण्याचा जुना मार्ग रॉबर्ट वुडहॅम यांनी 1980 मध्ये मांडला. कॅमेरा आणि वस्तू जागची हलवायची नाही, दिवा मात्र वेगवेगळ्या दिशांनी लावून निदान तीन फोटो घ्यायचे. प्रत्येक बिंदू कोणत्या दिव्यात किती उजळतो त्यावरून त्याची स्तंभिका काढता येते. पॉल डेबेवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये लाइट स्टेज नावाची रचना दाखवली. तिच्यात माणसाचा चेहरा शेकडो दिशांच्या उजेडात टिपला जातो. आता एकाच फोटोवरून नॉर्मल मॅप अंदाजाने काढणारी, अशा मोजमापांवर शिकवलेली सॉफ्टवेअरही आहेत. अंगणातला फोटो एकच असल्यामुळे तिथे हाच मार्ग उरतो, आणि हा नकाशा मोजलेला नसून अंदाजाचा आहे हे पुढे प्रत्येक पायरीवर लक्षात ठेवावे लागते.

नकाशा हाती आला की उरलेले गणित योहान लाम्बर्ट यांच्या 1760 मधल्या नियमाचे आहे. मंद पृष्ठभाग किती उजळेल हे त्याची स्तंभिका आणि उजेडाची दिशा यांच्यातल्या कोनाच्या कोसाइनवर ठरते. दिवा समोर असेल तर पूर्ण उजेड, साठ अंश कलला तर निम्मा, नव्वदच्या पुढे शून्य. कंदील डावीकडे, थोडा खाली आणि चेहऱ्याच्या पुढे आहे, त्याची दिशा (−0.6, −0.4, 0.69) धरली तर हिशेब हाताने करता येतो. नाकाच्या दांड्याची स्तंभिका सरळ कॅमेऱ्याकडे आहे, म्हणून तिथे 0.69 उजेड पडतो. चित्रातल्या डाव्या गालाचा रंग (38, 128, 218) असेल तर त्याची दिशा (−0.7, 0, 0.71) होते आणि उजेड 0.91. उजव्या गालाला जेमतेम 0.07 मिळतो. कपाळ वरच्या बाजूला कललेले असल्यामुळे 0.40 वर थांबते, तर हनुवटीखालचा भाग 0.69 पर्यंत उजळतो.

हे अंक थेट फोटोवर गुणले तर चूक होते, कारण फोटोत ढगाळ उजेड आधीच मुरलेला आहे. आधी तो भागून काढावा लागतो आणि मग नवा गुणावा लागतो:

```
नवा पिक्सेल = जुना पिक्सेल × (नवा उजेड / जुना उजेड)
```

जुन्या उजेडाचा अंदाजही नॉर्मल मॅपवरूनच येतो. आकाश सगळीकडे सारखे धरले आणि अंगणाची जमीन पाचवा हिस्सा उजेड परत फेकते असे मानले, तर कपाळाला 0.80, दोन्ही गालांना 0.60 आणि हनुवटीखाली 0.25 उजेड होता असे निघते. म्हणजे आता कपाळ निम्मे करायचे, डावा गाल दीडपट, उजवा गाल आठव्या हिश्श्यावर आणायचा, आणि हनुवटीखालचा भाग पावणेतीनपट उजळायचा. (हे प्रमाण फक्त भागाभागांतले आहे. एकूण चेहरा किती उजळ ठेवायचा ते शेवटी माजघराच्या चित्राकडे बघून ठरते.)

पहिली अडचण याच शेवटच्या अंकात आहे. मूळ फोटोत जो भाग काळपट होता तिथे तपशील कमी आणि दाणे जास्त असतात. पावणेतीनपट केल्यावर तेही तेवढेच वर येतात, आणि हनुवटीखाली राखेसारखा खरखरीत पट्टा दिसू लागतो. म्हणून अशा कामाला कॅमेऱ्याची रॉ फाइल लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, दाबून लहान केलेला फोटो इथे टिकत नाही.

दुसरी चूक मोजणीच्या पट्टीची. साध्या फोटोतले अंक उजेडाच्या प्रमाणात नसतात. 255 पैकी 128 हा अंक प्रत्यक्षात सुमारे 22 टक्के उजेड दाखवतो. त्या अंकांवर सरळ गुणाकार केला तर सावल्या भलत्याच काळ्या पडतात आणि चेहरा कोळशाने रंगवल्यासारखा होतो. आधी फोटो उजेडाच्या खऱ्या पट्टीवर, म्हणजे ‘लिनिअर’वर न्यायचा, गणित करायचे, मग परत आणायचा. नॉर्मल मॅपला मात्र असा कोणताही रंगबदल लावायचा नाही, कारण त्याचे रंग हे रंग नसून दिशा आहेत.

तिसरी चूक हिरव्या रंगाची, आणि ती अनुभवी माणसालाही फसवते. काही सॉफ्टवेअरमध्ये हिरवा वाढला की वरची दिशा धरतात, काहींमध्ये खालची. पहिली रीत ओपनजीएलची, दुसरी डायरेक्टएक्सची म्हणून ओळखली जाते. गफलत झाली तर कंदील खाली ठेवूनही कपाळच उजळते. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: चित्राच्या कोपऱ्यात एका गुळगुळीत चेंडूचा नॉर्मल मॅप ठेवायचा आणि त्यावर तोच उजेड टाकायचा. चेंडू कोणत्या बाजूने उजळायला हवा हे कोणालाही सांगता येते. हाच चेंडू दिशा ठरवतानाही उपयोगी पडतो. माजघरातल्या तांब्यावर, पाटावर, भिंतीवर सावल्या कुठे पडल्या आहेत ते बघायचे आणि चेंडूही त्यांच्यासारखाच उजळेपर्यंत दिशा हलवायची.

कंदिलाचा रंग पुस्तकातून घेऊ नये. रॉकेलच्या ज्योतीचे रंगतापमान सुमारे 1,900 केल्विन असते हे खरे, पण पार्श्वभूमीचा फोटो काढताना कॅमेऱ्याने तो पिवळेपणा किती सुधारला हे त्या अंकात नसते. कंदिलाजवळ पांढरे धोतर किंवा चुना दिलेली भिंत दिसत असेल तर तिचाच रंग उचलावा.

एवढे करूनही नॉर्मल मॅपला तीन गोष्टी कळत नाहीत, आणि चित्राची खरी किंमत तिथेच ठरते. एक म्हणजे अंतर. चेहऱ्याचा डावा भाग ज्योतीपासून 50 सेंटिमीटरवर आणि उजवा 65 वर असेल, तर केवळ अंतरामुळे उजवीकडे डावीकडच्या सुमारे 59 टक्केच उजेड पोचतो. सूर्याच्या बाबतीत हा फरक नसतो. कंदिलाच्या बाबतीत चेहऱ्यावरून एक उतरता मुखवटा हाताने टाकावा लागतो.

दुसरी, पडलेली सावली. नॉर्मल मॅपला गाल कुठे वळला आहे हे माहीत असते, पण वाटेत नाक आडवे येते हे माहीत नसते. खालून डावीकडून येणाऱ्या उजेडात नाकाची सावली वर, उजव्या डोळ्याकडे जायला हवी. ती नसेल तर चेहरा उजळतो पण चपटा, मेणाचा वाटतो. खोलीचा वेगळा नकाशा असेल तर सावली काढता येते. नाहीतर ती रंगवावी लागते, नाकाजवळ रेखीव आणि पुढे किंचित विरलेली. रंगवताना तिची कड किंचित लालसर ठेवावी, कारण त्वचेत शिरलेला उजेड आतून थोडा पसरून बाहेर येतो आणि लाल सर्वांत दूर पोचतो.

तिसरी गोष्ट म्हणजे चकाकी. लाम्बर्टचा नियम मंद पृष्ठभागाचा आहे. कपाळावरच्या तेलाची आणि ओठांची झळाळी ढगाळ आकाशाची असते, गुणाकाराने ती जागची हलत नाही. ती आधी पुसून नवी, छोटी, पिवळसर झळाळी कंदिलाच्या बाजूला टाकावी लागते. सगळ्यांत जास्त चुगली डोळे करतात. मूळ फोटोत बुबुळाच्या वरच्या भागात आकाशाचा रुंद पांढरा पट्टा असतो. तो तसाच राहिला तर बाकीचे सारे कष्ट वाया जातात. तो काढून दोन्ही डोळ्यांत, खाली डावीकडे, ज्योतीचा एकेक बारीक ठिपका ठेवावा लागतो. केसांबाबत तर नॉर्मल मॅप निव्वळ अंदाजच असतो, कारण एका पिक्सेलमध्ये अनेक दिशांचे केस येतात; तिथे गणिताचा जोर कमी करून उजेड हाताने मंद करणेच बरे.

ढगाळ उजेडातला फोटो या कामाला चांगला, कारण त्यात काढून टाकण्यासारखे थोडेच असते. मूळ फोटो दुपारच्या कडक उन्हातला असेल, नाकाची काळी सावली ओठांवर पडलेली असेल आणि कपाळ पांढरे फटक झाले असेल, तर त्या जागी त्वचेचा रंगच टिपला गेलेला नसतो. भागाकाराने नसलेली माहिती परत येत नाही, आणि अशा वेळी एका खिडकीशेजारी बसवून फोटो पुन्हा काढणे स्वस्त पडते.