तारेवरून येणारा वजा अर्धा अंश

द्राक्षांच्या शीतगृहात तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. ते आणखी दोन-तीन अंशांनी उतरलं, तर घोसांचे देठ आणि मणी गोठू लागतात. म्हणून प्रत्येक खोलीत एक छोटा नोड बसवलेला असतो. त्यात तापमानाचा आणि आर्द्रतेचा सेन्सर, एक मायक्रोकंट्रोलर आणि आरएस-४८५ची एक चिप असते. सगळ्या खोल्यांमधून फिरत ऑपरेटरच्या खोलीपर्यंत एकच केबल जाते. या केबलवरचं बोलणं बहुतेक ठिकाणी मॉडबस पद्धतीनं होतं. मॉडिकॉन कंपनीनं आपल्या पीएलसींसाठी ही पद्धत १९७९ मध्ये आणली.

आरएस-४८५मध्ये संदेश दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकानं जातो. कॉम्प्रेसरची मोटर सुरू झाली की तिचा धक्का पीळ घातलेल्या दोन्ही तारांना जवळपास सारखाच बसतो आणि फरक तसाच राहतो. त्यामुळे ही जोडी कमी वेगात हजार-बाराशे मीटरपर्यंत चालते. पण या दोन तारांवर एका वेळी एकालाच बोलता येतं. मॉडबसमध्ये आधी मास्टर विचारतो आणि ज्याचा पत्ता घेतला तोच नोड उत्तर देतो. बाकीचे गप्प राहतात.

खोली क्रमांक एकचा नोड घेऊ. तापमान आणि आर्द्रता दोन्ही विचारायची, तर तारेवर हा प्रश्न आणि त्याखालचं उत्तर जातं:

```
01 03 00 00 00 02 C4 0B
01 03 04 FF FB 03 9D 7A 8F
```

प्रश्नातला पहिला बाइट नोडचा पत्ता. `03` म्हणजे ‘रजिस्टरं वाचून दे’, पुढे ‘शून्याव्या रजिस्टरपासून, दोन’. शेवटचे दोन बाइट तपासणीचे. उत्तरात पत्ता आणि `03` परत येतात. मग ‘चार बाइट पाठवतोय’ हे सांगणारा `04`, ते चार बाइट आणि पुन्हा तपासणीचे दोन.

या ओळींमध्ये ‘संदेश संपला’ सांगणारी खूण कुठेच नाही. ते काम शांततेकडे आहे. सेकंदाला ९६०० बिट या वेगात एका बाइटला सुरुवातीचा, पॅरिटीचा आणि शेवटचा बिट धरून अकरा बिट लागतात, म्हणजे सुमारे १.१५ मिलिसेकंद. साडेतीन बाइटांइतका वेळ, म्हणजे साधारण ४ मिलिसेकंद, तार शांत राहिली की संदेश संपला असं सगळे धरतात. म्हणून नोडनं उत्तर एका दमात पाठवावं लागतं. मधेच तो दुसऱ्या कामाला लागला आणि चार मिलिसेकंद रेंगाळला, तर मास्टरच्या लेखी एका उत्तराचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही बाद ठरतात.

सर्वात जास्त नोड अडखळतात ते मात्र उत्तराच्या शेवटाला. आरएस-४८५च्या चिपला ‘आता मी बोलतोय’ असं सांगणारी एक पिन असते. उत्तर संपलं की ती सोडून तार मोकळी करायची. मायक्रोकंट्रोलर दोन वेगळ्या गोष्टी कळवतो. पाठवायचा कप्पा रिकामा झाला, ही एक. शेवटचा बिट प्रत्यक्ष तारेवर गेला, ही दुसरी. पहिली सूचना येते तेव्हा शेवटचा बाइट नुकताच निघालेला असतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तिच्यावर विसंबून पिन सोडली, की वरच्या उत्तरातला `8F` तारेवर पोचतच नाही किंवा विद्रूप होऊन पोचतो. हे ओळखणं सोपं आहे. बाहेरच्या गोंगाटानं होणारी चूक कधी या बाइटात, तर कधी त्या बाइटात सापडते. इथे प्रत्येक उत्तरात नेमका शेवटचाच बाइट बिघडलेला असतो. अशा वेळी केबल बदलून काही होत नाही, दुसऱ्या सूचनेची वाट पाहायला प्रोग्राम शिकवावा लागतो. उलट पिन फार उशिरा सोडली, तर मास्टरच्या पुढच्या प्रश्नाची सुरुवात तिच्याखाली चिरडली जाते.

तपासणीच्या दोन बाइटांना सीआरसी म्हणतात. सगळ्या बाइटांची नुसती बेरीज पाठवली असती, तर दोन बाइटांची अदलाबदल झाल्यावरही ती जुळली असती. सीआरसी हा एका ठरलेल्या भागाकाराची बाकी असल्यासारखा असतो, त्यामुळे त्यात प्रत्येक बिटाची जागाही मोजली जाते. सलग सोळा बिटांच्या आतली कोणतीही बिघाडाची झुळूक तो हमखास पकडतो. त्याहून मोठा गोंधळ झाला, तर सुमारे ६५ हजारांत एखादा संदेश निसटू शकतो. सीआरसी जुळला नाही, तर नोडनं तक्रार न करता गप्प बसायचं असतं, कारण बिघडलेल्या संदेशातला पत्ताही बिघडलेला असू शकतो आणि भलताच नोड बोलू लागेल. उत्तर आलं नाही की मास्टर ठरलेला वेळ थांबून पुन्हा विचारतो.

आता ते चार बाइट. `03 9D` म्हणजे ९२५. रजिस्टरांच्या नकाशात ‘आर्द्रता, दहापट’ असं लिहिलेलं असतं, म्हणून ती ९२.५ टक्के. `FF FB` म्हणजे ६५५३१. नकाशात ‘तापमान, दहापट, चिन्हासह’ असं असेल, तर त्यातून ६५५३६ वजा करायचे. उरतात वजा ५, म्हणजे वजा अर्धा अंश. ‘चिन्हासह’ हा शब्द राहिला, तर पडद्यावर ६५५३.१ अंश दिसतात आणि सीआरसी मात्र अचूक जुळलेला असतो. शून्याच्या वर असेपर्यंत ही चूक लपून राहते. द्राक्षांची खोली पहिल्यांदा थंड होते, त्या रात्री ती बाहेर पडते.

नकाशातली दुसरी नेहमीची गफलत क्रमांकाची. पुस्तिकेत ४०००१ लिहिलेलं रजिस्टर तारेवर शून्य क्रमांकाचं असतं. सॉफ्टवेअरनं एकपासून दोन रजिस्टरं मागितली आणि नोडकडे तिसरं रजिस्टरच नसेल, तर तो `01 83 02 C0 F1` असं कळवतो, म्हणजे ‘हा पत्ता माझ्याकडे नाही’. हे उत्तर आलं की वेग, तार, पत्ता आणि सीआरसी ठीक आहेत असं खुशाल समजावं आणि नकाशा उघडावा. तिसरं रजिस्टर असेल, तर तापमानाच्या जागी निमूटपणे ९२.५ दिसू लागतं.

सेन्सरचंच काही बिनसलं, तर हे सगळं बरोबर असूनही उपयोग होत नाही. नेहमीच्या वापरातल्या डीएस१८बी२० या सेन्सरला सर्वांत बारीक मोजणीसाठी पाऊण सेकंदापर्यंत वेळ लागतो. तितका वेळ नोड तिथेच थांबला, तर मास्टरचा प्रश्न त्याला ऐकूच येत नाही. म्हणून चांगला नोड आपल्या लयीनं मोजत राहतो आणि विचारल्यावर रजिस्टरमधला शेवटचा आकडा देतो. पण सेन्सरची वायर तुटली, तर तोच आकडा दिवसभर जातो. वीज येऊन मोजणी पूर्ण होण्याआधी वाचलं, तर हा सेन्सर ८५ अंश सांगतो आणि नोड तेही सीआरसी लावून पाठवतो.

माझ्या मते म्हणूनच तापमानाच्या शेजारी आणखी दोन रजिस्टरं हवीत आणि तिन्ही एकाच प्रश्नात वाचली जावीत. एकात सेन्सरची स्थिती, दुसऱ्यात प्रत्येक यशस्वी मोजणीला एकानं वाढणारा गणक. सेन्सर सापडत नसेल, तर तापमानात जुना आकडा न ठेवता `8000` ठेवावा. दहापट मोजणीत तो वजा ३२७६.८ अंश होतो, खऱ्या तापमानाशी त्याची गल्लत होणं शक्य नाही. नकाशात हे सगळं स्पष्ट लिहावं आणि गणक थांबल्यावर किती सेकंदांनी भोंगा वाजवायचा, तेही शीतगृहवाल्याशी बोलून त्यातच ठरवून टाकावं.