लॉगिन बरोबर होतं, तरी कागद दुसऱ्याचा उघडला

२०११ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या सिटी बँकेच्या लक्षात आलं, की क्रेडिट कार्डधारकांची माहिती बाहेर गेली आहे. बँकेनेच नंतर सांगितलेला आकडा तीन लाख साठ हजार खात्यांचा होता. तेव्हाच्या वृत्तपत्रांत या चोरीची जी रीत छापून आली, ती थक्क करणारी होती. चोरांनी आधी बँकेच्या संकेतस्थळावर रीतसर लॉगिन केलं. मग ब्राउझरच्या पत्त्यात दिसणारा खात्याचा आकडा बदलला, आणि समोर दुसऱ्याच ग्राहकाचं खातं उघडलं. पुढे हाच आकडा आपोआप बदलत राहणारा प्रोग्रॅम त्यांनी कामाला लावला.

ज्या ग्राहकांची माहिती गेली, त्यांचे पासवर्ड कोणी फोडले नव्हते. लॉगिनच्या दारात सगळं व्यवस्थित होतं. गफलत त्याच्या पुढच्या पायरीवर होती, आणि तिच्याकडे आजही अनेक ॲप बनवणाऱ्यांचं पुरेसं लक्ष नसतं.

सुरक्षेच्या भाषेत या दोन पायऱ्यांना ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन म्हणतात. पहिलीत ‘तू कोण?’ एवढंच विचारलं जातं. दुसरीत विचारायचं असतं, ‘तू जो कोणी आहेस, त्याला ही विशिष्ट गोष्ट बघायचा किंवा बदलायचा अधिकार आहे का?’ पहिल्या प्रश्नाचं उत्तर लॉगिन करताना एकदा मिळतं. दुसरा प्रश्न मात्र प्रत्येक क्लिकला नव्याने विचारावा लागतो.

आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायट्यांसाठी जशी ॲप असतात, तसं एक मनात घेऊ. त्यात देखभाल खर्चाची बिलं आहेत, तक्रारी आहेत आणि भाडेकरारांच्या प्रतीही आहेत. ३०२ नंबरच्या फ्लॅटमधला भाडेकरू मोबाइल नंबर टाकतो, ओटीपी येतो, तो भरतो. सर्व्हरची खात्री पटते आणि तो फोनला एक टोकन देतो. टोकन म्हणजे अंदाजाने ओळखता येणार नाही अशी लांबलचक अक्षरमाला. यानंतरची प्रत्येक मागणी हे टोकन सोबत घेऊन जाते, म्हणून पुन्हा पुन्हा ओटीपी द्यावा लागत नाही. ऑथेंटिकेशनचं काम इथे संपलं.

आता तो ‘माझा करार’ या बटणावर बोट ठेवतो. फोनकडून सर्व्हरला अशी मागणी जाते:

```
GET /agreements/1047
```

घाईत लिहिलेलं ॲप टोकन खरं आहे का ते बघतं आणि डेटाबेसला विचारतं:

```
SELECT * FROM agreements WHERE id = 1047;
```

करार मिळतो, भाडेकरू खूश. पण त्याने १०४७ च्या जागी १०४८ लिहून मागणी पाठवली तर? टोकन खरंच आहे, त्यामुळे शेजाऱ्याचा करार, त्यावरच्या आधार आणि पॅन क्रमांकांसह, त्याच्या फोनवर उतरतो. फोनच्या पडद्यावर हा आकडा दिसत नाही, म्हणून धोका नाही असं समजू नये. ॲपमधून जाणाऱ्या मागण्या पाहायची आणि बदलायची साधनं मोफत मिळतात.

यावर पहिला उपाय सुचतो तो असा:

```
SELECT * FROM agreements
WHERE id = 1047 AND flat_id = 302;
```

इथला ३०२ फोनकडून आलेला नसावा. टोकन कोणाचं आहे ते पाहून सर्व्हरने तो स्वतःच्या नोंदींतून काढलेला असावा. फोनने सांगितलेल्या फ्लॅट नंबरवर विश्वास ठेवला, तर चोर तोही बदलेल. एवढं सांभाळलं की शेजाऱ्याचा करार बंद झाला.

तरीही एक भोक उरलंच. अकरा महिन्यांनी हा भाडेकरू जातो आणि ३०२ मध्ये नवीन कुटुंब येतं. त्यांचाही फ्लॅट ३०२, म्हणून वरची अट त्यांना आधीच्या भाडेकरूचा करार बिनदिक्कत दाखवते. म्हणजे अट फ्लॅटवर लावणंच चुकलं. करार त्याच्यावर सही करणाऱ्या दोघांचा असतो, मालकाचा आणि त्या भाडेकरूचा. त्यांना तो दिसावा. सोसायटीच्या सचिवाला दिसावा, पण फक्त आपल्या सोसायटीतला; त्याच ॲपवरच्या शेजारच्या सोसायटीतला नाही. देखभालीचं बिल मात्र फ्लॅटच्या मालकाचं. ऑथरायझेशन अवघड असतं ते यामुळे. ओटीपीची सोय तयार सेवा घेऊन बसवता येते, पण कोणता कागद कोणाचा हे त्या सोसायटीचा व्यवहार समजून घेणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

बटण लपवण्याची चूक याच जातीची. ‘बिल भरलं अशी नोंद करा’ हे बटण फक्त खजिनदाराला दिसतं, म्हणून प्रोग्रॅमर निर्धास्त राहतो. पण बटण नसलं तरी ते जी मागणी पाठवतं, ती कोणीही सभासद हाताने लिहून पाठवू शकतो. मागणी करणारा खजिनदार आहे का, हे सर्व्हरने त्या क्षणी तपासलं नसेल तर थकबाकी परस्पर पुसली जाईल. आणि खजिनदार पदावरून उतरला तर? त्याची ओळख तीच राहते, लॉगिनही चालू राहतं, अधिकार मात्र त्याच दिवशी संपायला हवा. काही ॲप अधिकाराची नोंद टोकनमध्येच लिहून ठेवतात. तिथे टोकनची मुदत संपेपर्यंत जुना खजिनदार खजिनदारच राहतो.

काही जण १०४७ ऐवजी लांब, विस्कळीत क्रमांक वापरून समाधान मानतात. त्याने अंदाज बांधणं कठीण होतं, हे खरं. पण दुवा एकदा कोणी पुढे पाठवला की तपासणी नसलेला कागद तितकाच उघडा.

या चुकीचा सर्वांत वाईट भाग म्हणजे तिचा गाजावाजा होत नाही. चुकीचा पासवर्ड दहा वेळा पडला की सूचना जाते. इथे मात्र प्रत्येक मागणी यशस्वी झाल्याची नोंद होते. बारकाईने पाहणाऱ्यालाच दिसतं, की एकच खातं १०४७, १०४८, १०४९ असे ओळीने करार मागत आहे. ॲप सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत अधिकार तपासणीतल्या त्रुटी पाचव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आल्या, याचं मला तरी आश्चर्य वाटलं नाही.

ॲप बनवून घेणाऱ्याला याची चाचणी सहज करता येते. दोन चाचणी खाती उघडावीत. पहिल्या खात्यातून एक करार चढवावा आणि त्याची मागणी टिपून घ्यावी. मग तीच मागणी दुसऱ्या खात्याच्या टोकनसह पाठवावी. उत्तर ४०३, म्हणजे मनाई, किंवा ४०४, म्हणजे असं काही सापडलं नाही, असं यायला हवं. टोकनच नसेल तर ४०१, म्हणजे आधी ओळख पटवा. करार आला तर ॲप लोकांच्या हाती देऊ नये. बघणं, बदलणं, पुसणं आणि डाउनलोड करणं यांची चाचणी वेगवेगळी करावी, कारण बघण्यावर पहारा आणि डाउनलोड मोकळं, असंही आढळतं.

वापरणाऱ्यांना एकच सांगणं. दुसऱ्याचा कागद आपल्या ॲपमध्ये चुकून दिसला, तर कुतूहलापोटी पुढचे आकडे टाकून बघू नका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली ते तुमच्यावरच शेकू शकतं. पडद्याचं चित्र घ्या, ॲपच्या कंपनीला लेखी कळवा आणि तिने दाद दिली नाही तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनकडे तक्रार करा. सोसायटीच्या कार्यकारिणीत असाल, तर नवीन ॲप घेताना विक्रेत्याकडून दोन खात्यांची ही चाचणी तुमच्यासमोर करून घ्या.