भाजलेल्या माणसाला सलाईन किती, आणि लघवीची नोंद दर तासाला का?

भाजलेल्या बाईला दवाखान्यात नेलं की डॉक्टर म्हणतात, "तीस टक्के भाजलंय." मग सलाईनच्या बाटल्या सुरू होतात, लघवीची नळी घालतात आणि सिस्टर दर तासाला काहीतरी लिहीत राहतात. त्या टक्क्यावरून बाटल्यांचा हिशोब कसा निघतो आणि लघवी मोजून काय कळतं, ते आज समजून घेऊ. हिशोब आणि निर्णय डॉक्टरांचाच असतो. पण खाटेजवळ रात्रभर आपणच बसतो, म्हणून तो आपल्यालाही कळायला हवा.

आधी टक्क्याचं. मोठ्या माणसाचा एक पूर्ण हात ९ टक्के, एक पाय १८, छाती-पोट मिळून पुढची बाजू १८, पाठ आणि कुल्ले १८, डोकं-चेहरा-मान मिळून ९ आणि जांघेतली जागा १. सुटे डाग असतील तर रुग्णाचा स्वतःचा तळवा बोटांसकट १ टक्का धरतात. लहान मुलांचं डोकं मोठं आणि पाय लहान, म्हणून त्यांचा हिशोब वेगळा. आणखी एक गोष्ट, नुसती लाल झालेली कातडी यात धरत नाहीत. फोड आलेली, सोललेली किंवा खोल भाजलेली जागाच धरतात. लालीही मोजली तर टक्का फुगतो आणि सलाईन जास्त जातं.

पण भाजलंय कातडीला, मग सलाईन कशाला? भाजल्यावर बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातलं पाणी आणि क्षार बाहेर झिरपून अंगात सूज येते आणि नसांमधलं रक्त कमी पडतं. हे पाझरणं पहिल्या काही तासांत सर्वांत जास्त असतं. रक्त कमी पडलं की मूत्रपिंडांना ते पुरत नाही आणि जीव धोक्यात येतो. मोठ्या माणसाला साधारण १५ ते २० टक्क्यांच्या वर आणि लहान मुलाला १० टक्क्यांच्या वर भाजलं, तर शिरेतून सलाईन द्यावंच लागतं.

आता एक उदाहरण घेऊ. एका बाईचं वजन ५० किलो. सकाळी ६ वाजता चुलीजवळ पदर पेटला. छाती-पोट १८, एक हात ९, आणि मान-हनुवटीवर तीन तळव्यांएवढं म्हणजे ३. डॉक्टरांनी एकूण ३० टक्के लिहिलं. ती दवाखान्यात पोचली ८ वाजता.

हिशोब असा : ४ गुणिले वजन गुणिले टक्के. म्हणजे ४ × ५० × ३० = ६००० मिली. पहिल्या २४ तासांत एवढं सलाईन लागेल असा हा अंदाज. अर्ध्या लिटरच्या बाटलीने १२ बाटल्या. हे सलाईन रिंगर लॅक्टेट असतं, बाटलीवर 'आरएल' लिहिलेलं. अमेरिकेतल्या डॅलस शहरातल्या पार्कलँड रुग्णालयावरून या रीतीला पार्कलँड सूत्र म्हणतात. काही डॉक्टर ४ ऐवजी २ किंवा ३ ने सुरुवात करतात. कारण हा आकडा फक्त सुरुवातीचा आहे, पुढचं लघवी सांगते.

यातलं अर्धं, म्हणजे ३००० मिली, पहिल्या ८ तासांत द्यायचं आणि उरलेलं अर्धं पुढच्या १६ तासांत. इथे चूक फार होते. हे ८ तास भाजल्याच्या वेळेपासून धरतात, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. आपली बाई ६ वाजता भाजली, म्हणून तिचे ८ तास दुपारी २ ला संपतात. दोन तास वाटेतच गेले, म्हणून ३००० मिली सहा तासांत द्यायचं. तासाला ५०० मिली, म्हणजे तासाला एक बाटली. ८ वाजल्यापासून आठ तास धरले असते, तर तासाला ३७५ मिलीच गेलं असतं, आणि तेही नेमकं गरज जास्त असताना. म्हणून भाजल्याची खरी वेळ लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. दुपारी २ नंतरचे ३००० मिली १६ तासांत, म्हणजे तासाला सुमारे १९० मिली. एक बाटली जवळपास पावणेतीन तास चालते.

हे सगळं बरोबर चाललंय का, ते लघवीवरून कळतं. मोठ्या माणसाला किलोमागे तासाला अर्धा मिली लघवी व्हायला हवी. या बाईला तासाला २५ मिली, आणि साधारण ५० च्या आत. लहान मुलांना किलोमागे तासाला १ मिली. नळी घातल्याबरोबर जी लघवी येते ती आधीची साठलेली असते. ती वेगळी लिहितात, तासाच्या हिशोबात धरत नाहीत.

या बाईचा कागद असा दिसेल :

८ ते ९ : सलाईन ५००, लघवी ३५
९ ते १० : सलाईन ५००, लघवी ३०
१० ते ११ : सलाईन ५००, लघवी १८
११ ते १२ : सलाईन ५००, लघवी १५
१२ ते १ : सलाईन ६००, लघवी २८
१ ते २ : सलाईन ६००, लघवी ३६

अकरा वाजता लघवी २५ च्या खाली गेली, तेव्हा सिस्टरनी आधी नळी पाहिली : दुमडली आहे का, अंगाखाली दबली आहे का, पिशवी पोटाच्या पातळीपेक्षा खाली आहे का. नळी ठीक होती. बारा वाजता पुन्हा कमी दिसल्यावर डॉक्टरांनी वेग तासाला ६०० केला आणि लघवी वाढली. दुपारी दोनपर्यंत ३००० ऐवजी ३२०० मिली गेलं. हे चुकलं नाही. सूत्राने अंदाज दिला, लघवीने तो दुरुस्त केला. उलट लागोपाठ दोन तास ५० च्या वर लघवी झाली असती, तर डॉक्टरांनी वेग कमी केला असता. जास्त सलाईननेही नुकसान होतं. सूज वाढते, फुप्फुसात पाणी होऊन धाप लागते, भाजलेला हात ताठर होतो. म्हणून सलाईनची चकती आपल्या हाताने कधीही फिरवू नका, बाटली लवकर संपवायला तर नाहीच.

खाटेजवळ बसणाऱ्या बाईने एवढं पाहावं. पिशवी सिस्टरना न विचारता रिकामी करू नका, नाहीतर त्या तासाचा आकडाच हरवतो. पिशवीवरच्या रेघा ढोबळ असतात. वीस-तीस मिली नीट कळायला मापाचं भांडं किंवा मापाचा कप्पा असलेली पिशवी लागते. लघवी काळ्या चहासारखी किंवा लालसर दिसली, विशेषतः विजेचा धक्का बसला असेल तर, लगेच सांगा. स्नायू जळून त्यांचा रंग लघवीत येत असतो, आणि अशा वेळी डॉक्टर लघवी तासाला ७५ ते १०० मिलीपर्यंत ठेवायला बघतात. धाप लागली, गुंगी आली, हाताची बोटं गार किंवा निळसर पडली, तरी तासाची वाट न पाहता हाक मारा.

आणि मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तर सोबतच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घ्या : भाजल्याची वेळ, वजन, टक्का, आणि आतापर्यंत किती बाटल्या गेल्या व किती लघवी झाली. आपल्या बाईला १० वाजता हलवलं असतं, तर चिठ्ठीवर लिहिलं असतं : सकाळी ६, ५० किलो, ३० टक्के, आरएल १००० मिली, लघवी ६५ मिली. ही ओळ नसेल तर तिथे हिशोब पुन्हा पहिल्यापासून होतो, आणि आधी गेलेल्या दोन बाटल्या धरायच्या राहून जातात.